कातळातला मुरूम आणि चारशे साठऐवजी नऊ पावलं

पुण्याखालचा खडक एकसारखा नाही. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक आणि त्याखाली काळा कातळ. पाषाण-बावधनकडे एका प्लॉटवर बोअरला पाणी लागतं आणि शेजारच्या प्लॉटवर तेवढंच खोल जाऊन नुसता धुरळा निघतो, त्याचं कारण हेच. मुरमातून पाणी जितक्या सहज वाहतं त्याच्या हजारो पट अवघडपणे ते सलग कातळातून वाहतं. राम नदीच्या पाणलोटातल्या अशा एखाद्या तुकड्याचं भूजलाचं मॉडेल कॉम्प्युटरवर सोडवायला बसलं, की हा हजारोंचा फरक थेट गणिताच्या मानगुटीवर बसतो. तो उतरवण्याच्या युक्तीला प्रीकंडिशनिंग म्हणतात, आणि ती समजून घ्यायला भूजलाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

मॉडेल म्हणजे काय ते आधी पाहू. जमिनीचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात एक अज्ञात संख्या: तिथली पाण्याची पातळी. दोन शेजारी चौकोनांमध्ये किती पाणी वाहील, तर त्यांच्यातली जोडणी गुणिले पातळीतला फरक. मुरमातून मुरमात जोडणी मोठी. मधे कातळ आला की ती कातळाच्याच मापाची होते, कारण अडथळा जिथे जास्त तिथेच प्रवाह अडतो. मग प्रत्येक चौकोनासाठी एकच अट: आलेलं पाणी आणि गेलेलं पाणी यांचा हिशोब जुळला पाहिजे. चौकोन जितके, तितकी समीकरणं. बाजूला तीनशे-तीनशे चौकोन घेतले की ९० हजार समीकरणं होतात, पण प्रत्येकात फक्त पाच अज्ञात: तो चौकोन आणि त्याचे चार शेजारी.

ही समीकरणं शाळेतल्या पद्धतीनं, एकेक अज्ञात काढून टाकत, सोडवता येतात. ९० हजार असतील तर आजचा लॅपटॉप तेही करेल. पण एक अज्ञात काढलं की त्याचे शेजारी एकमेकांशी नव्यानं जोडले जातात, आणि समीकरणांतल्या आकड्यांचा बहुतांशी रिकामा तक्ता, म्हणजे मॅट्रिक्स, भरत जाते. दहा थर घेतले, प्रत्येक महिन्याची पातळी मागितली, वर कॅलिब्रेशनसाठी तेच मॉडेल शेकडो वेळा चालवायचं ठरलं, की ही भर मेमरी आणि वेळ दोन्ही खाते. म्हणून अंदाजापासून सुरुवात करून पावलापावलानं सुधारणारी पद्धत वापरतात. आपल्या मॅट्रिक्ससारख्या, म्हणजे कर्णाच्या दोन्ही बाजू सारख्या असलेल्या गणितांसाठी सर्वांत वापरली जाणारी पद्धत हेस्टेनेस आणि स्टीफेल यांनी १९५२ साली मांडलेली कॉन्जुगेट ग्रेडियंट. ती प्रत्येक पावलाला विचारते: सध्याच्या पातळ्या धरल्या तर कुठल्या चौकोनाचा हिशोब किती चुकतोय? ती तफावत पाहून पातळ्या दुरुस्त करते आणि पुढचं पाऊल टाकते.

पावलं किती लागतील, हे चौकोनांच्या संख्येवर थेट ठरत नाही. ते एका गुणोत्तरावर ठरतं. पातळ्यांमधली चूक वेगवेगळ्या आकारांची असू शकते. एक चौकोन वर, शेजारचा खाली, पुन्हा वर अशी बुद्धिबळाच्या पटासारखी चूक असेल, तर सगळ्या हिशोबांत मोठी तफावत दिसते. याउलट एखाद्या भागातल्या सगळ्या पातळ्या एकत्र वर सरकल्या असतील, तर त्यांच्यातले फरक तेच राहतात आणि तफावत जवळजवळ दिसतच नाही. सर्वांत जास्त बोलणारी चूक आणि सर्वांत गप्प बसणारी चूक यांच्या तफावतींचं गुणोत्तर म्हणजे कंडिशन नंबर. कॉन्जुगेट ग्रेडियंटची पावलं याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. पद्धत तफावत पाहूनच चालते, त्यामुळे गप्प चूक तिला उशिरा सापडते.

आता कातळात अडकलेला मुरमाचा एक कप्पा घ्या. फक्त चार चौकोन, दोन वर आणि दोन खाली. आकडे समजायला सोपे जावेत असे गोल घेतले आहेत. कप्प्याच्या आत शेजाऱ्या-शेजाऱ्यांत जोडणी १. प्रत्येक चौकोनातून कातळामार्गे बाहेरच्या ठरलेल्या पातळीशी जोडणी ०.००१, म्हणजे अगदी बारीक गळती. वरचे चौकोन १ आणि २, खालचे ३ आणि ४ म्हटले, तर मॅट्रिक्समध्ये कर्णावर प्रत्येक ठिकाणी २.००१ येतं आणि शेजाऱ्यांच्या जागी −१.

बुद्धिबळाच्या पटासारखी १ मीटरची चूक असेल तर प्रत्येक चौकोनाच्या हिशोबात ४.००१ ची तफावत दिसते. पण चारही पातळ्या एकत्र १ मीटरनं चुकल्या असतील तर आतले प्रवाह जसेच्या तसे राहतात, बदलते ती फक्त गळती, आणि तफावत दिसते ०.००१. कंडिशन नंबर ४००१. एक मीटर पाणी चुकलंय आणि हिशोबात त्याचा जवळपास मागमूस नाही, ही परिस्थिती नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं.

प्रीकंडिशनर म्हणजे खऱ्या मॅट्रिक्सची, तिला `A` म्हणू, एक ढोबळ प्रत. तिला `M` म्हणू. अट एवढीच की `M` वालं गणित झटपट सुटलं पाहिजे. प्रत्येक पावलाला तफावत `r` हाती आली की ती तशीच न वापरता आधी `Mz = r` सोडवायचं आणि मिळालेला `z` हा दुरुस्तीचा सल्ला म्हणून घ्यायचा. `M` हुबेहूब `A` असेल तर एकाच पावलात उत्तर, पण मग मूळ गणितच सोडवल्यासारखं झालं. `M` मध्ये काहीच माहिती नसेल तर फायदा शून्य. सगळं कौशल्य या दोन टोकांच्या मधे आहे. शेवटपर्यंत चाललात तर उत्तर मूळ `A` चंच मिळतं, `M` नं फक्त वाट बदलते. आता कंडिशन नंबरही वेगळा मोजायचा: प्रत्येक प्रकारच्या चुकीसाठी `A` काय म्हणतो भागिले `M` काय म्हणतो, आणि त्यातल्या मोठ्यात मोठ्या आणि लहानात लहान आकड्यांचं गुणोत्तर.

सर्वांत स्वस्त `M` म्हणजे फक्त कर्ण ठेवायचा आणि बाकी सगळं पुसायचं. कातळातल्या चौकोनांच्या ओळीत आकडे हजारांशाच्या घरात आणि मुरमाच्या ओळीत एककात असतात. प्रत्येक ओळ आपापल्या कर्णानं भागली की सगळी समीकरणं एका मापावर येतात. हे फुकटात मिळतं, म्हणून जरूर करावं. पण आपल्या कप्प्यात चारही कर्ण २.००१ च आहेत. सगळ्यांना एकाच संख्येनं भागून गुणोत्तर बदलत नाही, ४००१ चे ४००१ च राहतात. माझ्या मते इथेच बरेच जण फसतात. खडकांतला फरक मोठा म्हणून कर्णानं भागलं आणि काम झालं असं वाटतं. कर्ण मापातला फरक पुसतो. कोंडलेल्या कप्प्याची गप्प चूक त्याला दिसत नाही, कारण एका चौकोनाकडे सुटं पाहून तो कोंडलेला आहे हे कळायला मार्ग नाही.

पुढची पायरी अपुऱ्या चोलेस्कीची. शाळेतल्या पद्धतीनंच अज्ञात काढत जायचं, पण नव्यानं तयार होणाऱ्या जोडण्या ठेवायच्या नाहीत. मायरिंक आणि व्हान डर व्हॉर्स्ट यांनी १९७७ मध्ये दाखवलं की आपल्यासारख्या मॅट्रिक्सवर हे काम मधेच कोसळत नाही. कप्प्यावर करून पाहू. चौकोन १ काढला. त्याचे शेजारी २ आणि ३. त्यांच्यात आधी थेट जोडणी नव्हती, आता १ च्या जागेतून तयार होते: १ भागिले २.००१, म्हणजे जवळजवळ ०.५. पूर्ण पद्धत ही जोडणी सांभाळते. अपुरी पद्धत ती फेकून देते. फेकणं चार चौकोनांत क्षुल्लक वाटेल, पण मोठ्या जाळीत हेच फेकणं मॅट्रिक्सला भरू देत नाही.

फेकलेली जोडणी मात्र नुसती नाहीशी होत नाही, आणि हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. चौकोन २ च्या ओळीची बेरीज पाहा. खऱ्या मॅट्रिक्समध्ये २.००१ वजा १ वजा १, राहिले ०.००१. ही बेरीज म्हणजेच त्या चौकोनाची बाहेरची गळती. `M` मध्ये फेकलेल्या जोडणीमुळे त्याच ओळीची बेरीज ०.५०१ च्या आसपास होते. म्हणजे `M` च्या लेखी चौकोन २ आणि ३ यांच्या तळाशी अर्ध्या-अर्ध्या एककाची भोकं पडली आहेत आणि पाणी त्यातून थेट बाहेर जातंय. खरी गळती चार चौकोनांची मिळून ०.००४, खोटी गळती १. एकत्र १ मीटरची चूक समोर आली की `M` म्हणतो, कप्पा तर भरपूर गळतोय, एवढ्याशा तफावतीसाठी पातळी ४ मिलिमीटरच्या आसपास हलवली की पुरे. आकडेमोड केली तर गुणोत्तरांतलं लहानात लहान येतं ०.००४ आणि मोठ्यात मोठं १.३३. कंडिशन नंबर ४००१ वरून सुमारे ३३५ वर आला. सुधारणा आहे, पण रोग तसाच आहे.

उपाय एका ओळीचा आहे, आणि मला तो अतिशय देखणा वाटतो. जोडणी फेका, पण तिचा आकडा कर्णातून वजा करा, म्हणजे ओळीची बेरीज बिघडणार नाही. याला सुधारित अपुरी चोलेस्की म्हणतात. गुस्ताफसन यांनी १९७८ मध्ये तिचा नीट अभ्यास मांडला. आता `M` मध्ये खोटी भोकं नाहीत. एकत्र १ मीटरच्या चुकीवर `A` आणि `M` दोघंही तंतोतंत तेच बोलतात, गुणोत्तर १. चारपैकी तीन प्रकारच्या चुकांवर गुणोत्तर १ येतं आणि एकावर, म्हणजे २ वर आणि ३ खाली अशा चुकीवर, २. कंडिशन नंबर २. हे कुणाच्या शब्दावर मानायची गरज नाही, पायथॉन असेल तर मिनिटात पडताळता येतं:

```python
import numpy as np
e = 0.001
d = 2 + e
A = np.array([[ d,-1,-1, 0],
              [-1, d, 0,-1],
              [-1, 0, d,-1],
              [ 0,-1,-1, d]])
R = np.zeros((4, 4))
R[1,2] = R[2,1] = 1/d
print(np.linalg.eigvals(np.linalg.solve(A + R, A)))
R[1,1] = R[2,2] = -1/d
print(np.linalg.eigvals(np.linalg.solve(A + R, A)))
```

इथे `R` म्हणजे `M` आणि `A` मधला फरक. पहिली ओळ अपुऱ्या पद्धतीची, दुसरी सुधारित पद्धतीची.

चारच अज्ञातांचं गणित कॉन्जुगेट ग्रेडियंट तसंही चार पावलांत संपवते, म्हणून पावलांचा हिशोब मोठ्या जाळीसाठी करू. चूक दहा लाखांत एक भागावर आणायची असेल, तर कंडिशन नंबर ४००१ असताना सुमारे ४६० पावलं पुरतात, ३३५ असताना १३३ आणि २ असताना ९. या वरच्या मर्यादा आहेत, प्रत्यक्षात कमीही लागतात. मोठ्या खऱ्या जाळीत सुधारित पद्धतही २ वर थांबत नाही. जाळी बारीक केली की तिचाही आकडा वाढतो, पण हळू: चौकोनाची बाजू निम्मी केली तर साध्या पद्धतीची पावलं दुप्पट होतात, सुधारितची साधारण दीडपटीच्याही आत राहतात.

पावलं कमी झाली म्हणजे वेळ तितकाच कमी झाला असं मात्र नाही. `Mz = r` सोडवायला जाळीवरून एकदा पुढे आणि एकदा मागे जावं लागतं. या दोन फेऱ्यांचा खर्च `A` नं एकदा गुणण्याइतका धरला तर पाऊल जवळपास दुप्पट महाग होतं. ४६० ची ९ किंवा अगदी ५० झाली तरी फायदा उघड आहे. १३३ ची १०० झाली असती तर घड्याळ पाहूनच ठरवावं लागलं असतं.

आता चुकतं कुठे ते. भूजलवाले वापरतात त्या MODFLOW या प्रोग्रॅममध्ये मेरी हिल यांनी १९९० मध्ये आणलेला PCG, म्हणजे प्रीकंडिशनिंग केलेल्या कॉन्जुगेट ग्रेडियंटचा सोडवणारा, याच सुधारित चोलेस्कीवर चालतो. त्यात थांबायच्या दोन अटी असतात, आणि दोन्ही पूर्ण व्हाव्या लागतात. `HCLOSE` म्हणजे एका पावलात पातळी किती बदलली तर पुरे म्हणायचं, आणि `RCLOSE` म्हणजे हिशोबातली तफावत किती राहिली तर पुरे. आपल्या कप्प्यात `RCLOSE` जर ०.०१ ठेवला, तर पातळी १० मीटरनं चुकलेली असतानाही प्रत्येक चौकोनाची तफावत ०.०१ च भरते, आणि ही अट पूर्ण झाली असं सोडवणारा समाधानानं मानतो. `HCLOSE` चीही तीच गत होऊ शकते. प्रीकंडिशनर कमकुवत असेल आणि बाकीच्या चुका अजून शिल्लक असतील, तर पावलाची लांबी त्या बाकीच्यांवरून ठरते. कप्पा पावलाला काही मिलिमीटरच सरकतो, आणि एक सेंटीमीटरची अट ठेवली असेल तर ती पूर्ण झाल्यासारखी दिसते. पाण्याचा एकूण ताळेबंदही अशा वेळी टक्क्याच्या छोट्या अंशात जुळतो, त्यामुळे रिपोर्ट पाहून शंका येत नाही.

हे ओळखायची साधी चाचणी आहे. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर. तेच मॉडेल एकदा सगळीकडे ५५० मीटर सुरुवातीची पातळी देऊन चालवा आणि एकदा ५७० देऊन. स्थिर अवस्थेचं उत्तर सुरुवातीच्या अंदाजावर अवलंबून असूच शकत नाही. दोन उत्तरांची वजाबाकी करून नकाशावर काढली आणि एखादा मुरमाचा कप्पा एकसंध रंगाचा ठिपका होऊन उठून दिसला, तर समजायचं की तिथली पातळी खडकानं ठरवलेली नाही, ती तुम्ही टाकलेल्या अंदाजाची उरलेली शिल्लक आहे. दुसरी खूण तफावतीच्या आलेखात सापडते. तफावत झरझर उतरते, मग एका जागी बराच वेळ रेंगाळते, कधी थोडी वरही चढते, आणि पुन्हा उतरते. प्रत्येक कोंडलेला कप्पा असा एक टप्पा तयार करू शकतो. पहिल्या टप्प्यालाच थांबलात तर कप्पे तसेच राहिले.

सुधारित पद्धतीचीही एक कमजोरी आहे, आणि ती तिच्या गुणातूनच येते. खोटी गळती नसल्यामुळे कप्प्यातला शेवटचा चौकोन काढताना कर्णावर उरतात फक्त ०.००४, म्हणजे कप्प्याची एकूण खरी गळती. गळती आणखी बारीक असेल, तर ही संख्या कॉम्प्युटरच्या दशांश तोडण्याच्या चुकांत शून्याच्या पलीकडे जाऊ शकते. कर्णावर ऋण संख्या आली की `M` निकामी होतो आणि कॉन्जुगेट ग्रेडियंटचा पायाच निसटतो. म्हणून PCG मध्ये `RELAX` नावाचा आकडा असतो: फेकलेल्या जोडणीचा किती भाग कर्णातून वजा करायचा. १ दिलं तर पूर्ण वजाबाकी, ० दिलं तर नुसती अपुरी चोलेस्की. आपल्या कप्प्यात ०.९९ दिलं तर फक्त एक शतांश खोटी गळती राहते आणि कंडिशन नंबर २ ऐवजी ७ होतो. इतकी किंमत मी आनंदानं देईन, कारण त्या बदल्यात कर्ण सुरक्षित अंतरावर राहतो. मात्र ०.९ पर्यंत खाली उतरू नये, कारण तोवर खोटी गळती पुन्हा खऱ्या गळतीच्या कितीतरी पट होते.

कप्पे खूप असतील आणि त्यांची जागा आपल्याला भूशास्त्रीय नकाशावरून आधीच माहीत असेल, तर आणखी सरळ वाट आहे. व्हाउक, सेगल आणि मायरिंक यांनी १९९९ मध्ये वाळू आणि शेलच्या थरांसाठी दाखवलं की अशा मॅट्रिक्समध्ये गप्प चुकांची संख्या ठरलेल्या पातळीशी न जोडलेल्या झिरपत्या थरांच्या संख्येइतकी असते. मग प्रत्येक कप्प्यासाठी ‘सगळे चौकोन एकत्र वर’ हा एकेक आकार वेगळा काढून तेवढं छोटं गणित थेट सोडवायचं आणि उरलेलं काम कॉन्जुगेट ग्रेडियंटकडे द्यायचं. पन्नास कप्पे असतील तर पन्नास अज्ञातांचं गणित, ते क्षणात होतं. याला डिफ्लेशन म्हणतात. दख्खनच्या थरांसाठी ही पद्धत मला सर्वांत जवळची वाटते, कारण विहिरींच्या नोंदींतून आपल्याला खडकाबद्दल जे कळतं तेच इथे गणिताला थेट सांगता येतं.

अपुऱ्या चोलेस्कीच्या पुढच्या-मागच्या फेऱ्यांत प्रत्येक चौकोन आधीच्या चौकोनाच्या उत्तराची वाट पाहतो, त्यामुळे हजारो कोअर असलेल्या मशीनवर ती अडखळते. तिथे बहुतेक जण मल्टिग्रिडकडे वळतात. त्यात जाळीच्या ढोबळ आणि आणखी ढोबळ प्रती करून दूरदूरची एकत्र चूक ढोबळ जाळीवरच मिटवतात, आणि एकसारख्या जमिनीवर तर पावलं जाळीच्या बारीकपणावर अवलंबून राहतच नाहीत. पण मुरूम आणि कातळ एका ढोबळ चौकोनात मिसळले गेले, की तिथेही कप्प्याची ओळख हरवते आणि तीच गप्प चूक परत येते. म्हणून अशा जमिनीसाठी ढोबळ चौकोन नकाशावरून न पाडता जोडण्यांच्या जोरावरून पाडणारी बीजगणिती मल्टिग्रिड घ्यावी. ती घट्ट जोडलेले चौकोन एकत्र करते, त्यामुळे मुरमाचा कप्पा मुरमातच राहतो. आणि तिच्यावरसुद्धा ५५० आणि ५७० वाली चाचणी एकदा चालवून घ्यावी.